रिपोर्ट क्लिअर, जळजळ मात्र चालूच – माझ्या ब्लॅडर पेनचं निदान कसं झालं

ज्यांना लघवीला सारखी घाई होते, ओटीपोटात आग होते आणि लॅबवाले दरवेळी "सब नॉर्मल है" म्हणून रिपोर्ट हातात देतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी इंदूरची, शाळेत शिकवते. आमच्या घरात, शेजारात, स्टाफरूममधे या विषयावर बायका बोलतच नाहीत, बोलल्या तरी "जास्त पाणी पी, धने-जिरं भिजवून घे" इथपर्यंतच, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

सुरुवात खऱ्याखुऱ्या इन्फेक्शननेच झाली होती, हे आधी सांगायला हवं कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला. त्या वेळी लघवी गढूळ होती, वास येत होता, थोडी कणकण होती आणि लघवी होताना चिरल्यासारखं व्हायचं. तपासणीत पस सेल्स भरपूर निघाल्या, कल्चरमधे, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्यात, ई. कोलाय उगवला, त्या जंतूवर चालणारं अँटिबायोटिक मिळालं आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला. काही महिन्यांनी पुन्हा आग सुरू झाली तेव्हा सगळ्यांनीच धरून चाललं की तेच परत आलंय. फॅमिली डॉक्टरांनी परत तोच कोर्स आणि सोबत ते गुलाबी सिरप दिलं, आठवडाभर बरं वाटलं, मग परत सुरू, परत कोर्स. आणि बरं वाटायचं म्हणून कोणालाच शंका येत नव्हती. नंतर कळलं की त्या सिरपने लघवीचा आंबटपणा कमी होतो, त्यामुळे आग काही दिवस दबते, जंतू असोत की नसोत. शिवाय हा आजारच मुळात कमी-जास्त होत राहणारा, त्यामुळे उतरायच्या वेळी जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळून जातं.

रिपोर्ट मात्र दरवेळी साफ. पस सेल्स दोन-तीन, रक्तपेशी नाहीत, नायट्राइट निगेटिव्ह, कल्चर "नो ग्रोथ".

आता हा साफ रिपोर्ट खरंच साफ आहे का, हे आधी पाहायला लागतं, आणि ते मला एका लेडी डॉक्टरांनी नीट समजावलं. त्या म्हणाल्या, अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेल्यावर सॅम्पल दिलं तर जंतू असूनही कल्चरमधे उगवत नाहीत, म्हणजे "नो ग्रोथ"ला काही अर्थच राहत नाही. दुसरं म्हणजे नायट्राइट. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात पण त्याला वेळ लागतो, लघवी साधारण चारेक तास तरी मूत्राशयात थांबायला हवी. जी बाई तासातासाला बाथरूममधे जातेय तिची लघवीत बुडवून नायट्राइट बघायची पट्टी इन्फेक्शन असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून पट्टीवर विसंबायचं नाही, कल्चरच करायचं. आणि उलट बाजूने, नीट स्वच्छता न करता, पहिल्या धारेचं सॅम्पल दिलं किंवा मे महिन्याच्या उन्हात बाटली दोन-तीन तास पर्समधे ठेवून मग लॅबला दिली तर बाहेरचेच जंतू वाढतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. आधीचा कोर्स संपल्यावर मधे बरेच दिवस काहीही अँटिबायोटिक नाही. आग जोरात असतानाच सॅम्पल द्यायचं, बरं वाटत असताना नाही. सकाळची पहिली लघवी, आधी साध्या पाण्याने स्वच्छ करून, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत, आणि डबी लगेच लॅबला (उशीर होणारच असेल तर फ्रीजमधे). एवढं सगळं करूनही ४८ तासांनी उत्तर तेच आलं, काही उगवलं नाही. पुढच्या वेळी जोर वाढला तेव्हा पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या की आता तुला अँटिबायोटिक देणं चुकीचं ठरेल, हे इन्फेक्शन नाही, युरॉलॉजिस्टकडे जा.

घरी मात्र सगळ्यांचा कौल स्टोनवर. आमच्या दिराला दोनदा स्टोन झालाय, आणि माळव्यात उन्हाळ्यात घाम जास्त, पाणी कमी, त्यामुळे घरटी एखादा तरी स्टोनवाला सापडतोच. सासूबाईंनी कुळथाचं कढण सुरू पण केलं. दिराचं दुखणं मी स्वतः बघितलेलं होतं, पाठीत बरगडीच्या खालून सुरू होऊन पुढे जांघेकडे येणारी कळ, ती पण लाटेसारखी, आली की माणूस लोळतो, उलटी होते, गेली की घाम पुसत बसतो. माझं तसं काहीच नव्हतं. पण युरॉलॉजिस्टनी स्टोन लगेच बाजूला टाकला नाही आणि त्याचं कारण मला पटलं. खडा किडनीतून सरकत सरकत मूत्रनलिकेच्या अगदी शेवटच्या टोकाला, मूत्राशयात शिरायच्या तोंडाशी येऊन अडकला तर तो मूत्राशयालाच चाळवतो, आणि तिथे पाठीतली कळ फारशी न येता नुसती घाई, आग, सारखं जावंसं वाटणं एवढंच होऊ शकतं, लघवीत जंतू नसताना. म्हणजे अगदी माझ्यासारखंच चित्र. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, स्टोनमधे बहुतेक वेळा लघवीत रक्तपेशी दिसतात, डोळ्यांना नाही तरी मायक्रोस्कोपखाली. दोन, तो खडा एकतर पडून जातो नाहीतर अडकून वरची नळी फुगवतो, महिनोन्महिने कमी-जास्त होत एकसारखा त्रास सहसा देत नाही.

सोनोग्राफी झाली. त्यासाठी पाणी पिऊन ब्लॅडर भरून थांबायचं असतं, आणि ते थांबणं माझ्यासाठी सगळ्या तपासण्यांमधलं सगळ्यात कठीण होतं, नंबर यायच्या आधी मी रडकुंडीला आले होते. तिथल्या मुलीला मी सांगितलं की मला भरलं की दुखतं, तर तिने पुढे घेतलं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी काउंटरवरच सांगावं, लाजू नये. सोनोग्राफीत किडनी नीट, नळ्या फुगलेल्या नाहीत, लघवी करून आल्यावर आत शिल्लक जवळपास काहीच नाही. पण मूत्रनलिकेतला बारीक खडा सोनोग्राफीत सुटू शकतो, म्हणून एक साधा सीटी, तो कॉन्ट्रास्टशिवायचा, तोही केला. खडा नाही. कढण बंद झालं.

खरी गाडी पुढे सरकली ती युरॉलॉजिस्टच्या एका प्रश्नाने. बाकी सगळे विचारत होते जळजळ किती होते, कुठे होते. यांनी विचारलं, "मॅडम, दर्द भरने पे होता है या निकलने पे?"

मला क्षणभर उत्तर सुचेना, कारण मी "लघवीची जळजळ" म्हणूनच बोलत होते, सगळं एकच समजून. मग विचार करून सांगितलं की पहिल्या वेळी, ते खरं इन्फेक्शन होतं तेव्हा, लघवी होताना चिरायचं. आता तसं नाही. आता ब्लॅडर भरत जातं तसतसं ओटीपोटात, जघनाच्या हाडाच्या मागे दाब आणि आग वाढत जाते, आणि रिकामं केलं की उतरते, पूर्ण जात नाही पण उतरते, मग अर्ध्या-पाऊण तासाने परत चढायला लागते. ते म्हणाले हेच महत्त्वाचं आहे, आणि हे तोंडी नको, लिहून आणा.

म्हणजे ब्लॅडर डायरी. तीन दिवसांची. स्वयंपाकघरातला ५०० मिलीचा मापाचा प्लास्टिक मग मी बाथरूमसाठी वेगळा काढला आणि वहीत रकाने केले: वेळ, किती मिली, जायच्या आधी दुखणं दहापैकी किती, जाऊन आल्यावर किती, आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. एक दिवस सुट्टीचा, दोन दिवस शाळेचे. शाळेत तो मग नेणं अवघड वाटलं पण एका पिशवीत टाकून नेला, कोणी विचारलं नाही.

एका दिवसाची सकाळ अशी होती. सव्वासहाला १७० मिली, दुखणं आधी सात, नंतर तीन. चहा झाला. साडेसातला ९० मिली, आधी सहा, नंतर दोन. सव्वाआठला ७०, आधी सहा, नंतर तीन. रविवार म्हणून पोहे आणले होते, वर जिरावन, शेव, लिंबू, आपलं नेहमीचं. त्यानंतर दहा वाजता ६० मिली आणि दुखणं आठ, जाऊन आल्यावरही पाच. दुपारी जरा बरं, ११०, १००. रात्री दीडला १२०, पावणेचारला ११०. दिवसाची बेरीज दीड लिटरच्या आसपास, आणि पंधरा-सोळा वेळा जाणं.

डॉक्टरांनी ती वही माझ्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळ वाचली, आणि वाचता वाचता मला दाखवत गेले. बेरीज दीड लिटर, म्हणजे लघवी जास्त तयार होत नाहीये, शुगरमुळे किंवा फार पाणी प्यायल्यामुळे हे नाही, मग खेपा जास्त का, तर प्रत्येक खेप छोटी आहे म्हणून. साधारण मोठ्या माणसाचं मूत्राशय ३०० ते ४०० मिली आरामात धरतं, माझ्या तीन दिवसांतली सगळ्यात मोठी खेप १७०. रात्रीही छोट्या खेपांनी जाग येतेय, म्हणजे नुसती सवय नाही, सवय असेल तर झोपेत गप्प बसते. आणि शेवटचे दोन रकाने, सहा-दोन, सहा-तीन, सात-तीन, दुखणं भरण्याबरोबर चढतंय आणि रिकामं झाल्यावर उतरतंय. इन्फेक्शनमधे बहुतेकदा उलटं असतं, लघवी होताना आणि संपताना आग जास्त.

मी विचारलं की मग हे ते ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर का, कारण शाळेतल्या एका मॅडमना ते सांगितलेलं होतं. ते म्हणाले, त्यात माणूस पळतो ते कपडे ओले होतील या भीतीने, घाई अचानक येते, दुखत नसतं. तुम्ही पळता ते दुखणं थांबवायला. हा फरक मला आजपर्यंत कोणी सांगितला नव्हता आणि हा फरक न कळल्यामुळे बायकांना भलतीच औषधं चालू राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही त्यांनी लगेच नाव दिलं नाही. हे निदान बाकीची कारणं नाहीत हे बघूनच करायचं असतं, एका रक्त-लघवीच्या चाचणीत ते येत नाही. पाळीच्या वेळीच वाढतं का विचारलं, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, सुटू नये. घरात कोणाला टीबी झाला होता का, वजन कमी झालं का, कारण मूत्रमार्गाच्या टीबीत पस सेल्स खूप पण साधं कल्चर कोरं अशी स्थिती होते, मग सकाळच्या लघवीची टीबीची वेगळी तपासणी लागते. माझ्या पस सेल्स कधीच वाढलेल्या नव्हत्या म्हणून ते फार ताणलं नाही. लघवीत रक्त, तंबाखू याबद्दल विचारलं, ते कॅन्सरच्या दृष्टीने. आणि तपासताना योनीमार्गातून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दाबून पाहिले (नर्स सोबत होत्या), तर डाव्या बाजूला दाबल्यावर अगदी तेच ओळखीचं दुखणं उठलं. ते म्हणाले, महिनोन्महिने आवळून धरल्याने हे स्नायू कडक होतात आणि मग ते स्वतःच दुखायला आणि घाई लावायला लागतात.

शेवटी दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी. सगळ्यांना लागतेच असं नाही हे त्यांनी सांगितलं, पण माझा त्रास बराच काळचा होता आणि त्यांना एक गोष्ट बघायची होती, हनर लेजन. मूत्राशयाच्या अस्तरावर लाल चट्टा, मधे व्रणासारखं, त्याच्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, आणि ब्लॅडर भरलं की तो चट्टा फाटून रक्त येतं. तो असेल तर उपचाराची दिशाच बदलते, तिथेच तो चट्टा जाळतात किंवा त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि त्याने पुष्कळांना चांगला आराम पडतो. भूल देऊन केलं, सकाळी गेले संध्याकाळी घरी. माझ्यात चट्टा नव्हता. भरल्यावर काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले, पण ते म्हणाले यावर पूर्वी फार भर द्यायचे, आता नाही, कारण काही त्रास नसलेल्या बायकांतही ते दिसतात. नंतर दोन दिवस लघवीला आग आणि किंचित गुलाबी रंग होता, ते आधी सांगितलेलं असल्याने घाबरले नाही.

फाइलवर नाव लिहिलं, ब्लॅडर पेन सिंड्रोम. जुन्या लोकांना इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणून माहीत असतं. त्यांनी सांगितलेली व्याख्या सोपी आहे, मूत्राशयाशी जोडलेलं दुखणं, दाब किंवा अस्वस्थपणा, सोबत घाई किंवा वारंवार जाणं, सहा आठवड्यांहून जास्त, आणि इन्फेक्शन किंवा दुसरं कारण सापडत नाही. का होतो हे एका ओळीत सांगता येत नाही, अस्तराचं संरक्षण कमी पडणं, तिथल्या नसा जास्त संवेदनशील होणं, स्नायू आवळणं, कोणात काय जास्त तर कोणात काय.

उपचारात सगळ्यात आधी खाणं, आणि इंदूरमधे हे बोलणं म्हणजे काय ते इंदूरवाल्यांनाच कळेल. पण त्यांनी कायमची यादी हातात दिली नाही, पद्धत दिली. दोन-तीन आठवडे चहा, कॉफी, लिंबू-संत्रं, टोमॅटो, तिखट, चिंच-आमचूर, कोल्ड्रिंक सगळं बंद, वरण-भात, पोळी, दुधी, दोडका, दूध यावर राहायचं. आग खाली आली की एकेक पदार्थ परत आणायचा, एकाला तीनेक दिवस द्यायचे आणि वहीत आकडे बघायचे. माझ्यात जिरावन आणि लिंबू दोन तासांत आकडा चढवतात, जिरावनात आमचूर आणि लाल तिखट दोन्ही असतं. टोमॅटो शिजवलेला थोडा चालतो. दही, जे मी घाबरून सोडलं होतं, त्याने काहीच होत नाही. चहा सकाळचा अर्धा कप चालतो, दुसरा नाही. माझ्या मावशीला पण असाच त्रास निघाला, तिला चहाने काही होत नाही पण कॉफी अजिबात नाही, त्यामुळे दुसऱ्याची यादी उचलून उपयोग नाही. पाणी मात्र कमी करायचं नाही. खेपा वाचवायला बायका पाणी तोडतात आणि लघवी घट्ट होऊन आणखी जळते, वर स्टोनचा धोका.

दुसरं, फिजिओथेरपी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. लघवीचा त्रास म्हटलं की सगळे केगल करायला सांगतात, आवळा-सोडा, आवळा-सोडा. आधीच आवळून बसलेल्या स्नायूंना ते उलटं पडतं. मला शिकवलं ते सोडायचं, पोटात खोल श्वास घेऊन तळ ढिला करणं, आणि त्या बाई हाताने त्या कडक जागा सैल करायच्या. पहिल्या काही वेळा दुखलं, महिन्याभरात खेपांमधलं अंतर वाढायला लागलं.

तिसरं, रात्री अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. केमिस्टकडच्या मुलाने "ये तो डिप्रेशन की है" म्हटल्यावर सासूबाईंना काळजी वाटली, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना समजावलं की आई, एवढ्या कमी डोसमधे ही नसांचं दुखणं शांत करायला देतात, आणि झोपही लागते. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुरुवातीला जड वाटतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून मी झोपायच्या दोन तास आधी घ्यायला लागले. हृदयाचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगायचं. एक पेंटोसान म्हणून गोळी असते, तिचं मी विचारलं, ते म्हणाले लांब काळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाल्याचं आढळलंय, लागलीच तर डोळे तपासून, सध्या नको. मूत्राशयात नळीने औषध सोडायचाही मार्ग आहे, माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि जोडीला अंतर हळूहळू वाढवणं. दुखणं तीनच्या खाली असेल तेव्हाच दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, सहा-सात असताना जबरदस्ती नाही.

आता माझी मोठी खेप २६०-२७०पर्यंत जाते, रात्री बहुतेकदा एकदा उठते, दोन तासिका सलग घेता येतात. भडका अजून येतो, पाळीच्या आधी, लांबच्या बसच्या प्रवासानंतर, लग्नाच्या जेवणानंतर. तेव्हा ओटीपोटावर गरम पिशवी, पाणी, साधं जेवण, दोन-तीन दिवसांत उतरतो.

पण हा आजार आहे म्हणून खरं इन्फेक्शन होणारच नाही असं नाही, म्हणून डॉक्टरांशी असं ठरलंय. दुखणं नेहमीसारखं भरताना चढतंय-रिकामं झालं की उतरतंय, तर तो भडका. लघवी होताना चिरतंय, गढूळ आहे, वास आहे, तर आधी सॅम्पल कल्चरला आणि मगच अँटिबायोटिकचा विचार. थंडी-ताप, पाठीत कळ, उलटी किंवा लघवीत रक्त दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. फाइलमधे मी सगळी कल्चर तारखेप्रमाणे लावलीत, त्यामागे सीटी आणि दुर्बिणीचा रिपोर्ट, आणि सगळ्यात वर डायरीचं ते पान, कारण नवीन डॉक्टर बहुतेक आधी प्रिस्क्रिप्शन पॅड ओढतात, आणि ते पान समोर ठेवलं की पेन खाली ठेवून वाचतात.